अलर्ट लाइन ओलांडली, आता थांबायचं की गाडी बोलवायची?

प्रश्न: मी गगनबावडा भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. पार्टोग्राफ भरायला ट्रेनिंगमध्ये शिकवलं, भरतेही. अडतं ते अलर्ट लाइन ओलांडल्यावर. बाई बोलत-चालत असते, बाळाचे ठोके चांगले असतात. लगेच कोल्हापूरला पाठवायचं की ॲक्शन लाइनपर्यंत वाट बघायची? लवकर पाठवलं की तिकडचे डॉक्टर म्हणतात 'उगाच पाठवली', आणि घरचेही चिडतात.

उत्तर:

सिस्टर, तुमच्या जागेवरून उत्तर सरळ आहे. टिंब अलर्ट लाइनच्या उजवीकडे गेलं, प्रसूती अगदी तोंडाशी आलेली नाही आणि तुमच्याकडे सिझेरियनची सोय नाही, तर त्याच तपासणीनंतर गाडी बोलवा. ॲक्शन लाइनची वाट बघू नका. ॲक्शन लाइन येईल तेव्हा बाई तुमच्या टेबलावर नव्हे, शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा ठिकाणी असायला हवी.

हे मी रेफर झालेल्या बायका ज्या बाजूला येतात, तिथून सांगते आहे. बरीच वर्षं कोल्हापुरात लेबर रूममध्ये काढली. दारात गाडी थांबली की आम्ही आधी बाई बघतो आणि लगेच कागद बघतो. त्या दोन रेषांमधलं चार तासांचं अंतर कशासाठी आहे हे माहीत असलेली सिस्टर आणि माहीत नसलेली सिस्टर, यांच्या कागदांत फरक दिसतो.

हे अंतर आलं कुठून ते सांगते, म्हणजे तुमची शंका मुळातूनच सुटेल. १९५४ साली अमेरिकेत फ्रीडमन यांनी गर्भाशयाचं तोंड किती वेळात किती उघडतं याचा पहिला आलेख काढला. पण आपण वापरतो त्या रेषा १९७२ सालच्या आहेत. फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी त्या तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेमध्ये आखल्या. तिथली परिस्थिती तुमच्यासारखीच होती. लांबलांबच्या छोट्या केंद्रांत सुईणी बाळंतपणं करायच्या आणि सिझेरियन मोठ्या रुग्णालयातच व्हायचं. सर्वांत सावकाश प्रगती होणाऱ्या दहा टक्के पहिलटकरणींच्या वेगावरून त्यांनी तासाला एक सेंटीमीटर ही अलर्ट लाइन ठरवली. तिच्या उजवीकडे चार तासांवर ॲक्शन लाइन आखली. मधले चार तास ठेवले ते बाईला हलवून पोहोचवण्यासाठी. रुग्णालयात आधीच असलेल्या बाईसाठी ते चार तास निरीक्षणाचे असतात. तुमच्याकडच्या बाईसाठी ते रस्त्याचे आहेत.

आता 'उगाच पाठवली' म्हणणाऱ्या डॉक्टरांची बाजूही सांगते, कारण त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. तासाला एक सेंटीमीटर हा वेग प्रत्येक निरोगी बाईला लागू पडत नाही, हे आता सगळे मान्य करतात. सहा सेंटीमीटरच्या आधी तर बऱ्याच पहिलटकरणी याहून सावकाश उघडतात आणि पुढे नीट बाळंत होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जो नवा तक्ता दिला, त्यात सक्रिय कळांची सुरुवात चारऐवजी पाच सेंटीमीटरला धरली आणि तिरपी रेषा काढूनच टाकली. त्याऐवजी प्रत्येक सेंटीमीटरला वेगळी मुदत दिली: पाचवर सहा तास, सहावर पाच तास, सातवर तीन तास, आठवर अडीच तास, नऊवर दोन तास. तेवढ्या वेळात पुढे सरकली नाही तर विचार करा, असा त्याचा अर्थ. त्यामुळे ज्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटर शेजारच्या खोलीत आहे, तिथे नुसती अलर्ट लाइन ओलांडली म्हणून कोणी सिझेरियनला घेऊ नये. हे बरोबरच आहे. पण ही मोकळीक शेजारी थिएटर असलेल्यांची. तुमच्या केसपेपरवर चार सेंटीमीटरपासून सुरू होणारा साधा पार्टोग्राफ असेल, तर त्याचा नियम तुमच्या अंतराला धरूनच केला आहे. तो पाळा. कोणी काही बोललं तर बोलू द्या.

मात्र रेषा ओलांडल्यावर पाठवायचं असेल, तर ती रेषा खरी ओलांडलेली असली पाहिजे. 'उगाच पाठवली'चा आरोप जिथे खरा ठरतो, तिथे बहुतेक वेळा चूक पहिल्या टिंबात असते.

बाई रात्री अकराला आली, कळा दहा मिनिटांत दोन, त्याही वीस-वीस सेकंदांच्या, आणि तोंड तीन सेंटीमीटर. इथे पार्टोग्राफ उघडायचाच नाही. ही सुरुवातीची सुप्त अवस्था आहे. तिच्यात बाई तासन्‌तास राहू शकते. तिची नाडी, ठोके, कळा साध्या कागदावर लिहीत राहा. तिला चालू द्या, पाणी-सरबत द्या, लघवीला पाठवत राहा. तीन सेंटीमीटरला आलेख सुरू केला की चार तासांनी ती हमखास रेषेच्या उजवीकडे जाते, आणि मग पळापळ होते. उलट, आठ तास झाले, कळा वाढल्या, जोर आला आणि तोंड मात्र हललंच नाही, तर पार्टोग्राफ उघडलेला नसला तरी ती बाई रेफर करायची आहे.

तोंड चार सेंटीमीटर आणि कळा दहा मिनिटांत तीनच्या आसपास, बऱ्यापैकी टिकणाऱ्या, असं झालं की पहिलं टिंब टाकायचं, तेही अलर्ट लाइनवर. बाई थेट सात सेंटीमीटरला आली तर टिंब अलर्ट लाइन सातला जिथे छेदते तिथे टाका, आणि खाली त्याच घराखाली घड्याळातली वेळ लिहा. अनेक जणी सातचं टिंब कागदाच्या डाव्या कडेला शून्य तासावर टाकतात. तसं केलं की ती रेषेच्या तीन तास पुढे दिसते, आणि पुढचे तीन तास ती अडकली तरी कागद सांगतो की सगळं छान चाललंय.

आणि एक गोष्ट रागाने नाही, पण स्पष्टच सांगते. बाळंतपण झाल्यावर बसून भरलेला पार्टोग्राफ आम्हाला लगेच ओळखू येतो. सगळी टिंबं रेषेवर ओळीने, ठोके दर अर्ध्या तासाला १४०, १४०, १४०, नाडी ८०, ८०, ८०, आणि सगळं एकाच पेनाने, एकाच दाबाने. खऱ्या बाईचे ठोके १३२ होतात, १४६ होतात, नाडी कळेत वाढते. तुम्ही एकट्या ड्युटीवर असता, ओपीडीही बघता, हे मला माहीत आहे. दहा रकाने भरायला वेळ नसेल तर निदान चार गोष्टी त्या-त्या वेळी भरा: दर अर्ध्या तासाला ठोके, कळा आणि आईची नाडी, आणि दर चार तासांनी तोंड. रक्तदाब आणि ताप चार तासांनी. बाकीचं मागाहून लिहिलं तरी एकवेळ चालेल.

आता एक केस घेऊन बघू. जुलैमधली आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

बावीस वर्षांची पहिलटकरीण, दिवस भरलेले, आधीचा काही त्रास नाही. रात्री अकराला आली तेव्हा तीन सेंटीमीटर होती. सिस्टरने आलेख उघडला नाही, बरोबर केलं. पहाटे तीनला तपासलं तर चार सेंटीमीटर, दहा मिनिटांत तीन कळा, साधारण तीस सेकंदांच्या. पोटावरून डोकं पाचपैकी चार भाग वर. ठोके १३८, नाडी ८४, रक्तदाब ११८/७६, पाणमोट शाबूत. टिंब अलर्ट लाइनवर, खाली वेळ तीन.

पुढची आतली तपासणी सकाळी सातला. मधल्या काळात ठोके १३० ते १४८, कळा तीनच, पस्तीस सेकंदांपर्यंत गेलेल्या. पावणेसातला पाणमोट फुटली, पाणी स्वच्छ. सिस्टरने लगेच ठोके मोजले. डोकं वर असताना पाणी गेलं की नाळ खाली सरकण्याची भीती असते, तेही सातच्या तपासणीत पाहिलं. नाळ नव्हती. तोंड मात्र सहा सेंटीमीटर.

इथे हिशेब करा. रेषेप्रमाणे चार तासांनी आठ सेंटीमीटर हवं होतं. सहा सेंटीमीटर तर पाच वाजताच व्हायला हवं होतं. म्हणजे दोन तास मागे. डोकं अजून पाचपैकी चार भाग वरच. बाई ठीक, बाळ ठीक. तुम्ही विचारलेला प्रश्न नेमका इथे उभा राहतो.

थांबलं असतं तर काय झालं असतं? चार तासांत दोन सेंटीमीटर, म्हणजे तासाला अर्धा. हाच वेग राहिला असता तर अकरा वाजता ती आठ सेंटीमीटरवर असती, आणि आठ सेंटीमीटरला ॲक्शन लाइन बरोबर अकरा वाजताच लागते. म्हणजे पुढच्या ठरलेल्या तपासणीलाच ती ॲक्शन लाइनवर सापडली असती. मग फोन, गाडी यायला पाऊण तास, पावसात कोल्हापूर पावणेदोन तास. दीड वाजल्याशिवाय ती थिएटर असलेल्या इमारतीत शिरली नसती. आणि हे सगळं वेग तोच राहिला तर. मागे पडलेली बाई आणखी मागे पडते, हे जास्त वेळा घडतं.

सिस्टरने सात वाजताच फोन लावला. पावणेआठला गाडी निघाली, साडेनऊला बाई पोहोचली. दहाला दहा कमी असताना तपासलं तर सात सेंटीमीटर, डोकं पाचपैकी तीन भाग वर, बाळाची मान मागच्या बाजूला, म्हणजे तोंड वर करून उतरणारं बाळ. कळा रस्त्यात मंदावलेल्या. जवळपास तीन तासांत एकच सेंटीमीटर. सात सेंटीमीटरला ॲक्शन लाइन दहा वाजता लागते, म्हणजे ती आमच्याकडे रेषेला टेकता टेकता आली. ठोक्यांवर सतत लक्ष ठेवून ऑक्सिटोसिनचं ड्रिप लावलं, सव्वा एकला तोंड पूर्ण उघडलं, दोनच्या सुमारास सव्वातीन किलोचं बाळ सरळ बाळंतपणाने झालं आणि लगेच रडलं.

बाहेर सासूबाई म्हणाल्या, "तिथंच झालं असतं की वो, पावसात कशाला पळवलं?"

ही तक्रार तुम्हाला ऐकावी लागते, म्हणून तिचं उत्तर देते. तिथे झालं असतं याची खात्री नव्हती, कारण तिला ड्रिपची गरज पडली. ते ड्रिप तुमच्या केंद्रात लावायचं नाही. ऑक्सिटोसिनने कळा वाढवल्या आणि बाळाला ते झेपलं नाही किंवा डोकं अडलेलं निघालं, तर तासाभरात पोट उघडता आलं पाहिजे. प्रसूतीआधी कळा वाढवण्यासाठी तुमच्याकडे ऑक्सिटोसिन नको, स्नायूतलं इंजेक्शन नको, मिसोप्रोस्टॉल नको. आणि वरून पोट दाबणं तर कधीच नको. पाठवलेली बाई सरळ बाळंत झाली म्हणून पाठवणं चुकलं असं नसतं. अलर्ट लाइनवर पाठवलेल्या बऱ्याच जणी सरळच बाळंत होतात. त्यातल्या ज्या होत नाहीत, त्या कोणत्या, हे सात वाजता कोणालाच सांगता येत नाही.

तोंडाच्या टिंबाइतकंच मी डोक्याला महत्त्व देते. आपल्याकडच्या साध्या तक्त्यात डोकं किती उतरलं याला वेगळी जागा नसते, म्हणून ते समासात लिहायची सवय लावा. प्रत्येक आतल्या तपासणीआधी पोटावर हात ठेवा आणि ओटीच्या हाडाच्या वर डोक्याचे पाचपैकी किती भाग लागतात ते बघा. हे मधल्या वेळातही करता येतं, त्याने जंतुसंसर्गाची भीती नाही. आतून तपासताना फसगत होते ती इथे: अडलेल्या बाळाच्या डोक्यावर सूज येते, कवटीची हाडं एकमेकांवर चढतात, आणि बोटाला वाटतं डोकं खाली आलं. खाली आलेली असते ती सूज. पोटावरून डोकं चार भाग वरच लागतं. दोन हातांची उत्तरं जुळत नसतील तर पोटावरच्या हाताचं ऐका.

कळा दहा मिनिटांत चार-पाच, चाळीस सेकंदांहून जास्त, जोरदार, आणि डोकं जागचं हलत नाही, हाडं एकमेकांवर चढून बोटाने दाबली तरी सुटत नाहीत: हे अडलेलं बाळंतपण आहे. इथे रेषा कुठे आहे ते बघायचंही कारण नाही. आईची नाडी शंभराच्या वर चढत जाते, लघवी कमी होते किंवा लालसर येते, पोटाचा खालचा भाग हात लावू देत नाही, कधी बेंबीच्या खाली आडवी खाच दिसते. पहिलटकरणीत अशा वेळी बऱ्याचदा कळाच थकतात आणि मंदावतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईचं गर्भाशय मात्र थकत नाही, ते जोर लावत राहतं आणि फाटतं. म्हणून 'हिची तिसरी खेप आहे, होईल पटकन' या वाक्याची मला भीती वाटते. आधीचं सिझेरियन असलेली बाई तर कळा सुरू व्हायच्या आधीच तुमच्या केंद्रातून पुढे गेलेली असली पाहिजे.

रेषेच्या डावीकडे, अगदी छान प्रगती असतानाही पाठवावं लागतं ते बाळाच्या ठोक्यांमुळे. ठोके कळ संपल्या संपल्या मोजायचे आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की घसरण निसटते. मोजताना दुसरा हात आईच्या मनगटावर ठेवा, कारण कधी कधी डॉपलरवर आईचीच नाडी ऐकू येते आणि आपण खुश राहतो. १६० च्या वर किंवा ११० च्या खाली लागले तर बाईला डाव्या कुशीवर वळवा, नाळ नाही ना ते बघा, पुढच्या दोन-तीन कळांनंतर परत मोजा. आपल्या जुन्या पुस्तिकेत खालची मर्यादा १२० दिलेली आहे. ११५ वगैरे आलं तर वाद घालत बसू नका, लवकर लवकर मोजत राहा. तसेच राहिले तर पाठवा. पाणी नुसतं हिरवट असेल आणि ठोके उत्तम असतील तर प्रसूती किती जवळ आहे ते बघून ठरवता येतं. दाट, डाळीसारखं हिरवं पाणी आलं आणि प्रसूती लांब असेल तर थांबू नका. अंगावरून रक्त जात असेल तर आतली तपासणीच करायची नाही, सरळ गाडी.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर आणि सोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीच्या खाली दुखणं असेल, किंवा रक्तदाब १६०/११० ला गेला असेल, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पाठवायचं: एकूण दहा ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात पाच ग्रॅम, खोल स्नायूत. तो डोस न देता निघालेली बाई वाटेत झटका येऊन आमच्याकडे पोहोचते. केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करता करता हे इंजेक्शन भरायला घ्या.

आता उलट बाजू, कारण नको तेव्हा पाठवणंही धोक्याचं असतं. दुसऱ्या खेपेची बाई, नऊ सेंटीमीटर, पोटावरून डोकं जेमतेम एक भाग लागतं, ठोके चांगले. ती रेषेच्या किंचित उजवीकडे असली तरी गाडीत चढवू नका. ती वाटेतच बाळंत होईल, आणि हलत्या गाडीत, दिव्याविना रक्तस्राव थांबवणं तुमच्या टेबलावरच्यापेक्षा फार कठीण. तिथे तयारी तुमच्याकडेच करा, पण गाडी मागवून दारात उभी ठेवा. पहिलटकरणीचं तोंड पूर्ण उघडलं असेल तर माझा हिशेब असा: तासभर नीट जोर लावूनही डोकं पुढे सरकलं नाही तर गाडी निघाली पाहिजे. रुग्णालयात आम्ही तिला याहून जास्त वेळ देतो, पण आमच्या आणि थिएटरच्या मध्ये रस्ता नसतो.

पाठवायचं कुठे, हा अर्धा निर्णय असतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवलं आणि तिथे त्या दिवशी भूलतज्ज्ञ नाहीत, तर बाई तिथून पुन्हा निघते आणि दीड-दोन तास वाया जातात. म्हणून निघण्याआधी फोनवर तीनच गोष्टी विचारा: सिझेरियन करणारे डॉक्टर आहेत का, भूल देणारे आहेत का, रक्त आहे का. तिन्हींचं उत्तर हो आलं नाही तर सरळ कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात. १०२ किंवा १०८ला फोन लावताना गाडी यायला किती वेळ लागेल ते विचारून घ्या. तो वेळ तुमच्या चार तासांतून वजा होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये हा हिशेब आणखी घट्ट होतो. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याकडचा रस्ता बंद, आणि मग रेषेचा काही उपयोग उरत नाही. अशा दिवसांत पार्टोग्राफच्या आधीची यादी कामाला येते: दिवस भरत आलेल्या, पहिल्या खेपेच्या, बुटक्या, पायाळू किंवा आडवं मूल असलेल्या, रक्त कमी असलेल्या बायका. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आशाताईंना धरून यांना शहराकडच्या नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयात आधीच हलवा. दरवर्षी पूरपट्ट्यात हे करतात, तुमच्या यादीतलं एकही नाव सुटू नये एवढंच. ज्या रात्री पाणी चढतंय, त्या रात्री अलर्ट लाइन ओलांडायचीही वाट बघू नका. चार तासांची तपासणी रेषेवर आली, पण डोकं अजून वर आहे आणि रस्ता बंद होणार आहे, तर तेवढं कारण पुरेसं आहे.

गाडी येईपर्यंत जाड सुई लावून रिंगर लॅक्टेट सुरू करा, लघवी करवा किंवा नळीने काढा. भरलेलं मूत्राशय डोकं अडवतं, आणि कधी कधी ते रिकामं केल्यावरच डोकं उतरतं, हे मी पाहिलंय. पाणमोट फुटून बरेच तास झाले असतील किंवा ताप असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस द्या, आणि काय, किती वाजता दिलं ते लिहा. बाई डाव्या कुशीवर, सोबत बाळंतपणाचा संच, नाळेच्या चिमट्यासकट, बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि मास्क, वार पडल्यावर द्यायचं ऑक्सिटोसिन बर्फाच्या डब्यात. सोबत कोणीतरी शिकलेलं माणूस हवं. वाटेत दर अर्ध्या तासाला ठोके मोजून त्याच पार्टोग्राफवर लिहायचे. कागद गाडीसोबत पाठवा आणि त्याचा फोटो मोबाइलवर आधीच धाडा. तुमच्याकडची प्रत मागे ठेवा.

घरच्यांशी बोलताना रेषा-बिषा सांगू नका. "बाळ बरं आहे, सूनबाई बऱ्या आहेत, पण तोंड हवं तितकं उघडत नाही. इथे ऑपरेशन होत नाही. आत्ता निघालो तर गडबड न होता पोहोचू," एवढं पुरतं. 'काही होऊ शकतं' म्हणून घाबरवलं की ते खासगी दवाखान्यांचे फोन लावत बसतात आणि तासभर जातो.

आणि आम्हाला फोन करताना मोठी गोष्ट नको. असं सांगा: "पहिली खेप, दिवस भरलेले. तीन वाजता चार सेंटीमीटर, सात वाजता सहा. डोकं पाचपैकी चार भाग वर. कळा दहा मिनिटांत तीन. पावणेसातला पाणी गेलं, स्वच्छ. ठोके १४४. नाडी ८८, रक्तदाब १२०/७८. काही औषध दिलेलं नाही. पावणेआठला निघतो, साडेनऊपर्यंत पोहोचू." यानंतर पलीकडून कोणी 'उगाच' म्हणालं, तर त्यांचं नाव आणि फोनची वेळ केसपेपरवर लिहा आणि गाडी सोडा.